शिंप्याची कोटी, दहा वर्तुळांत

अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत शब्दकोड्याच्या शेजारी अनेकदा एक छोटी चौकट दिसते. डावीकडे उलटसुलट अक्षरांच्या चार ओळी, उजवीकडे एक व्यंगचित्र, त्याखाली अर्धवट सोडलेलं एक वाक्य आणि शेवटी रिकामी घरं. अक्षरं नीट लावली की चार शब्द मिळतात. त्या शब्दांतल्या काही घरांभोवती वर्तुळं असतात. वर्तुळांतली अक्षरं वेगळी काढून पुन्हा जुळवली की चित्राखालचं वाक्य पुरं होतं, आणि ते पुरं होतं ते बहुधा एका कोटीने. या खेळाचं नाव ‘जम्बल’.

मार्टिन नेडेल या कॉमिक्सच्या चित्रकाराने १९५४ मध्ये तो सुरू केला, तेव्हा त्याचं नाव ‘स्क्रॅम्बल’ होतं. पुढे हेन्री आर्नल्ड आणि बॉब ली या जोडीने १९६२ पासून तो तीसेक वर्षं चालवला. अलीकडच्या काळात डेव्हिड हॉइट शब्द आणि कोट्या रचतात, तर जेफ नुरेक चित्रं काढतात. सहाशेहून अधिक वर्तमानपत्रांत छापल्या जाणाऱ्या या खेळाचा रोजचा साचा ठरलेला आहे: पाच अक्षरांचे दोन शब्द, सहा अक्षरांचे दोन शब्द आणि एक कोटी.

खेळ कसा चालतो हे एखादं कोडं सोडवून पाहिल्याशिवाय कळत नाही. म्हणून त्याच साच्यात रचलेलं हे एक कोडं घेऊ. चित्रात नवं दुकान थाटलेला एक शिंपी आहे. दाराशी उभा असलेला मित्र विचारतो, “काय, धंदा कसा चाललाय?” शिंपी खांदे उडवतो. खाली ओळ आहे: ‘शिंप्याचा पहिला आठवडा गेला…’ आणि पुढे चार रिकामी घरं, मग अवतरणचिन्हांत तीन घरं, एक छोटी आडवी रेघ आणि पुन्हा तीन घरं.

पहिली ओळ: सी, यू, जे, आय, ई. पाच वेगवेगळी अक्षरं एकशेवीस प्रकारे मांडता येतात. ती एकामागून एक लिहून पाहणारा माणूस चहा थंड करून घेतो. सराईत माणूस आधी अडचणीचं अक्षर शोधतो. इथे ते ‘जे’ आहे. इंग्रजीत जे शब्दाच्या शेवटी जवळजवळ येतच नाही आणि त्याच्यामागे बहुतेक वेळा स्वर लागतो. जे पहिल्या घरात ठेवून यू जोडला की उरतात आय, सी, ई, म्हणजे ‘आइस’. शब्द झाला ‘ज्यूस’. वर्तुळं पहिल्या, दुसऱ्या आणि पाचव्या घरावर आहेत: जे, यू, ई.

दुसरी ओळ: आर, आय, एल, डब्ल्यू, टी. इथे स्वर एकच, आय. तो मधे बसणार आणि दोन्ही बाजूंना व्यंजनांच्या जोड्या येणार हे उघड आहे. मग प्रश्न उरतो तो इंग्रजी जिभेला कुठल्या जोड्या चालतात याचा. सुरुवातीला टी-डब्ल्यू, टी-आर किंवा डब्ल्यू-आर चालतं. शेवटी आर-एल, आर-टी किंवा एल-टी चालतं. टी-डब्ल्यूने सुरुवात आणि आर-एलने शेवट केला की ‘ट्वर्ल’ मिळतो, म्हणजे गिरकी. पहिल्या दोन घरांवर वर्तुळं: टी, डब्ल्यू.

तिसरी ओळ मुद्दाम फसवी आहे: डी, आय, एम, डब्ल्यू, ओ, एस. डोळा तिला ‘डिम्वोस’ असं वाचतो आणि सुरुवातीच्या ‘डिम’ला चिकटून बसतो. उच्चारता येईल अशी उलटसुलट ओळ फोडायला जास्त जड जाते, कारण मेंदूला ती आधीच शब्दासारखी वाटते. त्यावर उपाय अगदी साधा आहे. अक्षरं सरळ रेषेत ठेवायची नाहीत, कागदावर गोलात लिहायची. ‘डिम’ मोडतं आणि डी, ओ, एम हा शेपटीचा तुकडा दिसू लागतो, ‘फ्रीडम’ आणि ‘किंगडम’च्या शेवटी असतो तोच. उरलेले डब्ल्यू, आय, एस पुढे लावले की ‘विझ्डम’. वर्तुळं डब्ल्यू आणि एसवर.

चौथी ओळ: एम, वाय, एस, ई, टी, एस. ही तर ‘माय सेट्स’ असे दोन धडधडीत शब्दच वाचायला लावते. इथे वायकडे व्यंजन म्हणून पाहणारा अडकतो. वाय स्वराचं काम करतोय असं धरलं की दोन एसच्या मधे तो आपोआप जाऊन बसतो: ‘सिस्टिम’. वर्तुळं दोन्ही एसवर आणि ईवर.

आता दहा अक्षरं हातात आहेत: जे, यू, ई, टी, डब्ल्यू, डब्ल्यू, एस, एस, एस, ई. यांच्या दीड लाखाहून जास्त मांडण्या होतात, आणि तरीही अनेकांना हा शेवटचा टप्पा चार शब्दांपेक्षा सोपा जातो. कारण इथे नुसती अक्षरं नसतात. घरांची विभागणी असते, चित्र असतं आणि अवतरणचिन्हं असतात. अवतरणचिन्हांचा अर्थ नेहमीचा सोडवणारा लगेच ओळखतो: कोटी तिथे आहे, बाहेरचा शब्द साधा आहे. बाहेर चार घरं आणि हातात जे, यू, म्हणजे ‘जस्ट’. तो बाजूला काढला की उरतात दोन एस, दोन ई, दोन डब्ल्यू. प्रत्येक अक्षर जोडीने आहे आणि घरंही तीन-तीन, मग तोच शब्द दोनदा येणार हे नक्की. एस, ई, डब्ल्यू म्हणजे शिवणे. लिहायचं ‘एस-ई-डब्ल्यू’, पण उच्चार ‘सो’. शिंप्याचा आठवडा गेला ‘जस्ट सो-सो’, म्हणजे यथातथाच. फक्त शिंप्याचं ‘सो’ सुईदोऱ्याचं.

कोटी फार थोर नाही, हे मान्य. जम्बलमधल्या बऱ्याच कोट्या अशाच असतात. ऐकून माणूस हसण्याआधी कण्हतो, आणि तिथेच त्यांची गंमत आहे.

चारही शब्द सुटल्याशिवाय कोटीकडे जायचं नाही, असा मात्र कुठलाही नियम नाही. समजा ‘ट्वर्ल’ काही केल्या सुटत नाही. बाकी तीन शब्दांतून जे, यू, ई, डब्ल्यू, एस, एस, एस, ई ही आठ अक्षरं मिळाली, दोन कमी आहेत. चार घरांत जे, यू, एस बसवले की चौथ्या जागी टी हवाच. राहिलेल्या अक्षरांतून एक ‘सो’ पुरा होतो आणि दुसऱ्याला एक डब्ल्यू कमी पडतो. म्हणजे अडलेल्या शब्दातली वर्तुळांची अक्षरं टी आणि डब्ल्यू. शिवाय ती वर्तुळं पहिल्या दोन घरांवर आहेत. डब्ल्यू-टीने सुरू होणारा शब्द इंग्रजीत नाही, तेव्हा सुरुवात टी-डब्ल्यू, आणि पुढे आय, आर, एल लावायला कितीसा वेळ? कोटीवरून शब्दाकडे असं उलटं येणं ही या खेळातली सगळ्यात उपयोगी युक्ती आहे. शब्दांचं अक्षर-अक्षर तपासणारे आणि चित्र पाहून थेट उत्तरावर उडी मारणारे असे दोन स्वभावांचे लोक एकाच टेबलावर हा खेळ खेळू शकतात, ते याचमुळे.

रचणाऱ्याचं काम नेमकं उलटं असतं. त्याला आधी कोटी लागते. ‘जस्ट सो-सो’ ठरलं की दहा अक्षरं ठरली, आणि ती चार शब्दांत वाटायची. जे आहे म्हणून एक शब्द जेचा घ्यावाच लागतो. पण खरी कटकट पुढे आहे. निवडलेल्या शब्दाच्या अक्षरांतून दुसरा कुठलाही शब्द निघता कामा नये. टी आणि डब्ल्यूसाठी ‘ट्वर्ल’ऐवजी टॉवेलचा शब्द सहज चालला असता: टी, ओ, डब्ल्यू, ई, एल. पण तीच अक्षरं फिरवली की ‘आउलेट’ होतो, म्हणजे घुबडाचं पिल्लू. टॉवेलच्या पहिल्या आणि तिसऱ्या घरात टी आणि डब्ल्यू आहेत, पिल्लाच्या त्याच घरांत ओ आणि एल. घुबड सापडलेल्या माणसाचं उत्तर बरोबर असूनही त्याच्या वर्तुळांत चुकीची अक्षरं येतील आणि शिंप्याची कोटी जन्मात जुळणार नाही. ‘सिस्टर’ही असाच बाद होतो, कारण त्याच अक्षरांतून ‘रेझिस्ट’ निघतो. वर्तुळं जुळेनाशी झाली तर सोडवणाऱ्याने पहिला संशय घ्यावा तो आपल्या शब्दावर. एखादं अक्षर हातून सुटलंय किंवा दोनदा वापरलंय का, हे मोजून पाहावं. शब्द शक्यतो रोजच्या वापरातलेच घेतात, तेव्हा फार विचित्र शब्द निघाला तर तोही बहुधा चुकलेला असतो.

भारतात इंग्रजी शिकलेल्यांची इथे आणखी एक अडचण होते. शाळेत ‘कलर’मध्ये यू घालायची सवय लागलेली असते, तर अमेरिकन ‘कलर’ पाच अक्षरांतच आटोपतो. पाच घरांत सहा अक्षरं कशी कोंबायची, या विचारात मग बराच वेळ जातो.

मराठीत असा खेळ का रुजला नाही, असा प्रश्न कुणाला पडेल. कोटीची हौस तर आपल्याकडे भरपूर आहे. अडचण लिपीच्या घडणीत आहे. घर एका अक्षराला द्यायचं म्हटलं तर ‘पावसाळा’ची चारच घरं होतात: पा, व, सा, ळा. मांडण्या फक्त चोवीस, आणि ‘ळा’ने मराठी शब्द सुरू होत नाही म्हणून त्यातल्या सहा पाहण्याआधीच गळतात. काना-मात्रा वेगळ्या करून घरात टाकाव्यात तर एकटी वेलांटी कशी वाचायची, हा प्रश्न उभा राहतो. जोडाक्षराचा गुंता निराळाच. बिनकान्याचे छोटे शब्द घेतले तर एकाच उत्तराचा नियम मोडतो: क, ल, म या तीन अक्षरांतून कलमही निघतं आणि कमलही, ग, ज, र यांतून गजर आणि गरज. पाच-सहा अक्षरी शब्द घ्यावेत तर त्यांत बहुधा प्रत्यय दिसतात, आणि शेवटचं ‘पणा’ किंवा ‘दार’ ओळखू आलं की निम्मं कोडं सुटलेलं असतं. मराठीत हे जमवायचं तर अशा शेपट्या नसलेले, काना-मात्रांनी आपली जागा उघड न करणारे आणि एकच उत्तर देणारे लांब शब्द लागतील. ‘अडगळ’ हा त्यातला एक, चार अक्षरी, आणि अ, ड, ग, ळ यांतून दुसरा शब्द काही निघत नाही. असे आणखी तीन मिळवायचे, आणि त्यांच्या वर्तुळांतून कोटीही निघाली पाहिजे.