मुखचित्रातील खिल्लार बैल

माणदेशी खिल्लार बैलावरील चित्रफितीसाठी आम्ही संगणकाकडून मुखचित्र काढवून घेतले. 'माळावर उभा खिल्लार बैल' एवढीच पहिली सूचना होती. पांढरा बैल फिकट माळात विरून गेला. मधोमध उभा असल्याने शीर्षकालाही जागा उरली नाही.

मग आम्ही लिहिले : 'आडवी चौकट, १६:९. डाव्या अर्ध्यात पांढऱ्या बैलाचे मोठे मस्तक, मागे वळलेली लांब शिंगे, बाजूने ऊन. उजव्या अर्ध्यात केवळ काळेनिळे आकाश.' 'अक्षरे नकोत' म्हणण्यापेक्षा त्या जागी काय हवे ते सांगणे अधिक उपयोगी ठरले.

देवनागरी अक्षरे यंत्र पुष्कळदा मोडकी काढते. म्हणून शीर्षक आम्हीच नंतर बसविले. उजवा खालचा कोपरा रिकामा सोडला, कारण यूट्यूब तेथे चित्रफितीचा कालावधी दाखवते. शेवटी चित्र अंगठ्याएवढे करून पाहिले. शिंगे लगेच ओळखू आली.