लग्न कधी करायचे, हे कधी विचारावे?

आपल्या समाजातील परिचयपत्र वाचले, तर त्यात माणसाची बहुतेक सारी माहिती मिळते. गोत्र, आजोळ, मामांचे गाव, शिक्षण, पेढीचा व्यवसाय, भावंडे, उंची आणि आहाराचे नियमही त्यात असतात. एका गोष्टीसाठी मात्र त्यात रकाना नसतो. हे कुटुंब लग्न तीन महिन्यांत करू इच्छिते की दीड वर्षाने, हे तेथे कळत नाही. तोंडी विचारावे, तर कोणी धजत नाही. मुलीकडच्यांनी विचारले की ‘यांना एवढी घाई कशाची?’ अशी शंका घेतली जाते. मुलाकडच्यांनी विचारले, तर दडपण आणल्यासारखे वाटते. मग दोन्ही घरे एकच सुरक्षित वाक्य बोलतात, ‘आम्हाला काही घाई नाही.’

या वाक्याइतके फसवे वाक्य बोलणीत दुसरे नसेल. एका घराच्या मनात ‘घाई नाही’ म्हणजे ‘दिवाळीनंतरचा पहिला मुहूर्त’ असतो, तर दुसऱ्याच्या मनात ‘धाकट्याचे शिक्षण संपल्यावर’. दोघेही खोटे बोलत नसतात. परंतु ही तफावत सगाईनंतर उघड झाली, तर तोवर नातेवाइकांत बातमी पसरलेली असते, साड्यांची देवघेव झालेली असते, आणि मागे फिरणे दोन्ही घरांस जड जाते. म्हणूनच हा प्रश्न कोणत्या टप्प्यावर आणि कोणत्या निमित्ताने विचारावा, याचा विचार आधी करून ठेवावा लागतो.

पहिल्या फोनवर तो विचारू नये. तेव्हा समोरच्याने परिचयपत्रही नीट वाचलेले नसते. जे स्थळ अजून पाहिलेलेच नाही, त्याची तारीख कोणी काय सांगणार? परिचय संमेलनाच्या गर्दीतही नको. तेथे एका टेबलापाशी पाच मिनिटे मिळतात, आणि मिळालेले उत्तर चारचौघांच्या कानांवर पडते म्हणून साचेबंदच असते. पहिल्या भेटीत, चहा-नाश्त्यासमोर सारे बसलेले असताना विचारले, तर मुलगा-मुलगी अवघडतात, कारण त्यांनी अजून होकार दिलेला नसतो.

माझ्या मते या प्रश्नाची खरी जागा पहिली भेट आणि दुसरी भेट यांच्या दरम्यान आहे. पहिल्या भेटीनंतर दोन्हीकडून ‘पुढे जाण्यास हरकत नाही’ असा निरोप येतो. त्यानंतर मुलगा-मुलगी एकदा स्वतंत्रपणे भेटतात आणि वडीलधारे चौकशीला लागतात. खर्चाची, देण्याघेण्याची आणि सगाईच्या ठिकाणाची बोलणी अजून सुरू झालेली नसतात. नेमका हाच काळ. ती बोलणी एकदा सुरू झाली की तारखेचा प्रश्नही सौद्यातील एक कलम होऊन बसतो, आणि त्याचे सरळ उत्तर मिळत नाही. बँकेतही कर्जाची मुदत मंजुरीपत्रावर सही झाल्यावर कोणी विचारत नसे.

आता विचारायचे कसे? आपल्या घरांत यासाठी एक सोपी वाट आहे, ती म्हणजे पंचांग आणि व्रते. आषाढातील चौमासी चौदशीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंतच्या चातुर्मासात आपल्याकडे लग्ने होत नाहीत. काही घरांत सगाईही करत नाहीत. अधिक मास आला तर हा काळ वाढतो. २०२३ मध्ये अधिक श्रावण असल्यामुळे चातुर्मास जवळजवळ पाच महिन्यांचा झाला होता. यात गुरू-शुक्राचे अस्त मिळवले, तर वर्षातील लग्नाचे काही थोडेच तुकडे उरतात. त्यामुळे ‘लग्न कधी?’ असे न विचारता ‘यंदा मुहूर्त फार थोडे आहेत, आपल्याकडे कोणता काळ सोयीचा पडतो?’ असे विचारता येते. प्रश्न तोच असतो, पण तो माणसावर रोखलेला न राहता पंचांगावर जातो.

पेढीचा हंगाम हेही असेच निमित्त आहे. आडतीच्या घरात दसरा-दिवाळीला सोयाबीनची आवक असते आणि संक्रांतीच्या आगेमागे तूर येऊ लागते. कापडाच्या दुकानाचा हंगाम लग्नसराई हाच असतो. मार्चअखेरीस तर सर्वांचीच वह्या जुळवण्याची धावपळ असते. व्यापारी माणूस स्वतःच्या हंगामाविषयी मोकळेपणाने बोलतो. त्या बोलण्यातून त्याला मोकळे महिने कोणते, हे आपसूक कळते.

एका स्थळाचे उदाहरण सांगतो. नावे अर्थातच गाळली आहेत. मुलगी पुण्याची, वडिलांचे भांड्यांचे दुकान, ती सीएच्या अंतिम परीक्षेची तयारी करणारी. मुलगा लातूरचा, घरची आडत, वडिलांबरोबर पेढीवर बसणारा. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये, पर्युषण झाल्यावर, पहिली भेट पुण्यात झाली. दोन्हीकडून निरोप चांगला गेला. दोन्हीकडून ‘घाई नाही’ हेही सांगून झाले.

मुलीच्या घरचा हिशोब असा होता. तिची परीक्षा जानेवारी २०२६ मध्ये. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत शुक्राचा अस्त, म्हणजे तेव्हा तसेही मुहूर्त नाहीत. फेब्रुवारीत लग्न उरकावे, निकाल काय तो मागाहून लागेल. मुलीच्या वडिलांनी त्या दृष्टीने दोन कार्यालयांत चौकशीही सुरू केली होती. हे लातूरला कोणी कळवले नव्हते, कारण कळवणे म्हणजे घाई दाखवणे, असे त्यांना वाटत होते.

ऑक्टोबरमध्ये मुलीकडची मंडळी लातूरला गेली. जेवणाची पाने मांडली गेली, तेव्हा मुलाच्या आई वाढत होत्या, पण स्वतः बसल्या नाहीत. मुलीच्या मामींनी आग्रह केला, तेव्हा कळले की त्यांचे वर्षीतप चालू आहे आणि आज उपवासाचा दिवस आहे. उकळलेल्या पाण्याखेरीज त्या काही घेणार नव्हत्या. मामींनी अनुमोदना केली आणि अगदी सहजपणे विचारले, “ताई, पारणे कुठे करणार आहात?” त्या म्हणाल्या, “पालीताण्याला. घरातले सगळेच जाणार आहोत.”

मामा बाजूलाच होते. ते मुलाच्या वडिलांना म्हणाले, “भाऊसाहेब, म्हणजे अक्षय तृतीयेपर्यंत आपल्या घरात दुसरे कार्य नको, असेच ना?” वडील म्हणाले, “खरे सांगायचे तर तसेच आहे. आपण विचारले नाहीत, म्हणून आम्हीही बोललो नाही.”

वर्षीतप करणाऱ्यांच्या घरी हे उत्तर अपेक्षितच असते. फाल्गुन वद्य अष्टमीला सुरू होणारे हे तप तेरा महिन्यांहून अधिक चालते. एक दिवस उपवास आणि एक दिवस बियासणे, असा क्रम असतो. पारणे पुढच्या वर्षीच्या अक्षय तृतीयेला उसाच्या रसाने होते. वराच्या आईने अशा तपात पाहुण्यांचा राबता, रात्रीचे कार्यक्रम आणि जागरणे सांभाळणे अवघडच. शिवाय त्या घराच्या दृष्टीने पारणे हेच त्या वर्षातील मोठे कार्य असते.

मग तेथेच दिनदर्शिका काढली गेली. २०२६ ची अक्षय तृतीया एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात होती. १७ मेपासून १५ जूनपर्यंत अधिक ज्येष्ठ असल्याने तो महिना बाद. त्यानंतर चातुर्मासापर्यंत पाच-सहा आठवडे होते, पण ते पावसाचे. म्हणजे पारण्यानंतर अधिक मास लागेपर्यंतचे साधारण चार आठवडेच खऱ्या अर्थाने मोकळे होते. सोयाबीन आणि तूर या दोन्ही हंगामांतून पेढी तोवर मोकळी झालेली असणार होती. मुलीकडे एकच अडचण उरली. परीक्षेचा एखादा गट राहिला, तर मेमध्ये पुन्हा बसावे लागले असते. अंतिम परीक्षा आता जानेवारी, मे आणि सप्टेंबर अशी वर्षातून तीनदा होते. तेव्हा गरज पडल्यास मे सोडून लग्नानंतर सप्टेंबरमध्ये परीक्षा द्यावी आणि अभ्यासासाठी तीन महिने माहेरी राहावे, हेही त्याच बैठकीत बोलून झाले. लग्न मेच्या पहिल्या पंधरवड्यात झाले.

मामींनी तारीख विचारलीच नव्हती, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. त्यांनी समोर दिसलेल्या गोष्टीबद्दल विचारले. मात्र मामांनी तो धागा तेथेच उचलून स्पष्ट केला. नुसते निमित्त सापडून भागत नाही. पुढचे वाक्य कोणीतरी बोलावे लागते, आणि ते आई-वडिलांपेक्षा मामा, काका किंवा मध्यस्थ यांनी बोलणे बरे. त्यांच्या तोंडी तो प्रश्न घाईचा वाटत नाही.

असे निमित्त समोर आले नाही, तर आपली अडचण आधी सांगावी. ‘मुलीची परीक्षा जानेवारीत आहे, त्याआधी आम्हाला जमणार नाही. आपल्याकडे काही अडचण आहे का?’ असे म्हटले की समोरच्यालाही बोलण्याची मोकळीक मिळते. आपण काही न सांगता त्यांनाच विचारले, तर ती परीक्षा घेतल्यासारखी होते.

उत्तर ऐकताना महिन्यापेक्षा कारणाकडे लक्ष द्यावे. ‘मोठ्या बहिणीचे आधी व्हायचे आहे’, ‘वरचा मजला बांधून व्हायचा आहे’, ही उत्तरे लांबची असली तरी खरी असतात. त्यांवर पुढचा प्रश्न विचारता येतो. बहिणीचे ठरले आहे की अजून स्थळे पाहणे चालू आहे? बांधकामाचे छत पडले आहे की नकाशाच मंजूर व्हायचा आहे? याउलट ‘बघू, सर्वांशी बोलून सांगतो’ हे उत्तर एकदा आले तर स्वाभाविक आहे. पंधरा दिवसांनी तेच पुन्हा आले, तर घरात मतभेद आहेत किंवा दुसऱ्या स्थळाची वाट पाहणे चालू आहे, असे समजण्यास हरकत नाही. अशा वेळी तिसऱ्यांदा तारीख विचारू नये. मध्यस्थामार्फत ‘आम्ही दुसरीकडे बोलणी करण्यास मोकळे आहोत का?’ एवढेच विचारावे. त्याचे उत्तर लवकर येते.

मुलगा-मुलगी स्वतंत्र भेटतात, तेव्हा हा विषय त्यांनीही आपसांत काढावा, कारण वडीलधाऱ्यांचे आणि त्यांचे उत्तर पुष्कळदा निराळे असते. वडील ‘मेमध्ये’ म्हणतात, आणि मुलाच्या मनात पुण्यात नवी शाखा उघडल्यावर, म्हणजे वर्षभराने, असे असते. ‘तुम्हाला लग्न कधी करायचे आहे?’ हे पहिल्या तासात विचारणे दोघांनाही जड जाते. ‘येत्या वर्षात तुमचे काय काय ठरले आहे?’ हे विचारणे जड जात नाही. परीक्षा, शाखा, परदेशी प्रदर्शन, घरातील कोणाची दीक्षा किंवा तपश्चर्या, असे सर्व त्या उत्तरात येते. घरी परतल्यावर मुलीने ते आईला आणि मुलाने वडिलांना जसेच्या तसे सांगावे. दोन्ही घरांतील मोठ्यांनी सांगितलेल्या महिन्यांशी ते जुळत नसेल, तर सगाईची तारीख काढण्यापूर्वी आणखी एक बैठक घ्यावी, आणि त्या बैठकीला दोघांनाही बोलवावे.