लाल दिवा, डिकीतला दोर आणि मामाचा गिअरबॉक्स

ज्यांना कानात हेडफोन घालून ऐकायला वेळ नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लिहिलेला भाग. बोलताना राहून गेलेल्या दोन गोष्टी यात टाकल्यात, आणि ट्रॅफिकवरची माझी बडबड काढून टाकलीय.

आजचा विषय टोचन. म्हणजे बंद पडलेली गाडी दोर किंवा रॉड लावून दुसऱ्या गाडीने ओढत नेणं. आणि त्यातही अशी गाडी, जिच्या डॅशबोर्डवर लाल दिवा लागलाय.

गोष्ट माझ्या मामाची आहे. जुलै महिना, संध्याकाळची वेळ. वेस्टर्न एक्सप्रेस हायवेवर जोगेश्वरीच्या आसपास मामाच्या गाडीत इंजिनच्या तापमानाचा लाल दिवा लागला. गाडी ऑटोमॅटिक, पुढची चाकं ओढणारी, गिअरबॉक्स सीव्हीटी प्रकारचा. मामाने गाडी डावीकडे घेतली आणि इंजिन लगेच बंद केलं. इथपर्यंत शंभर टक्के बरोबर. बॉनेटखालून वाफ येत होती. नंतर कळलं की कूलंटचा एक होज फाटला होता, बाकी काही नाही.

मग मामाचा मला फोन. मी म्हटलं, "मामा, रोडसाइडवाल्यांना फोन कर, फ्लॅटबेड मागव." तो म्हणाला, "अरे, दीड तास लागेल म्हणतायत. डिकीत दोर आहे, ओळखीचा टेम्पोवाला आलाय. न्यूट्रलमध्ये टाकतो आणि बोरिवलीला आपल्या गॅरेजवर आणतो. काय होतंय?"

त्या क्षणी मलाही नक्की काय होतं ते सांगता आलं नाही. म्हणून मी गप्प बसलो. त्याची ही किंमत.

मामाच्या पिढीला दोरावर एवढा विश्वास का, तेही समजून घ्या. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि उपनगरांत पाण्यात बसलेल्या गाड्या लोकांनी जमेल तशा ओढून काढल्या. तेव्हा आपल्याकडच्या बहुतेक सगळ्या गाड्या मॅन्युअल. मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये तेल खाली साठलेलं असतं, त्यात दाते अर्धवट बुडालेले असतात आणि फिरताना ते तेल वर उडवतात. चाकं फिरली की हे दातेही फिरतात, म्हणजे ओढताना गाडी स्वतःलाच तेल पाजत असते. त्यामुळे दोर, न्यूट्रल आणि हळू वेग हे ज्ञान चुकीचं नव्हतं. ते त्या गाड्यांसाठी बरोबर होतं.

टॉर्क कन्व्हर्टरवाल्या ऑटोमॅटिकमध्ये आणि सीव्हीटीत तेल असं उडत नाही. तिथे तेलाचा पंप असतो, आणि बहुतेक गाड्यांत तो पंप इंजिन फिरवतं. चाकं नाही, इंजिन. इंजिन बंद म्हणजे पंप बंद, पंप बंद म्हणजे तेलाचा दाब शून्य. सगळा घोळ या एका वाक्यात आहे. तापमानाचा किंवा ऑईल प्रेशरचा लाल दिवा लागला की इंजिन बंद करावंच लागतं. आणि इंजिन बंद केलं की गिअरबॉक्सचं तेलही त्याच क्षणी थांबतं. म्हणजे जो दिवा सांगतो 'इंजिन चालवू नकोस', तोच सांगत असतो 'ओढणारी चाकंही फिरवू नकोस'.

"पण न्यूट्रलमध्ये होती ना?" हा मामाचा प्रश्न, आणि बहुधा तुमचाही. न्यूट्रलमध्ये इंजिनचा गिअरबॉक्सशी संबंध तुटतो. चाकांचा तुटत नाही. चाकाकडून आलेला शाफ्ट आत फिरतच राहतो. सीव्हीटीत दोन पुली आणि त्यांच्यावर एक स्टीलचा पट्टा असतो. बहुतेक सीव्हीटींमध्ये न्यूट्रलचा क्लच इंजिन आणि पहिल्या पुलीच्या मधे असतो, त्यामुळे पुली आणि पट्टा दोन्ही चाकांच्या बाजूलाच राहतात. एरवी पट्ट्याला घट्ट धरून ठेवतो तो तेलाचा दाब. तो नसला की फक्त एका स्प्रिंगची पकड उरते. पट्टा घसरतो आणि पुलीच्या गुळगुळीत पृष्ठभागावर चरे पडतात.

हिशोब करून बघू. मामाच्या गाडीच्या टायरचा घेर साधारण दोन मीटर, म्हणजे एका किलोमीटरला चाकाचे सुमारे ४९० फेरे. जोगेश्वरी ते बोरिवली १२ किलोमीटर धरले तर ५,९०० च्या आसपास. गिअरबॉक्सच्या शेवटच्या दात्यांचं प्रमाण ढोबळमानाने एकास पाच धरा. मग आतली पुली २९ हजारांहून जास्त वेळा फिरली, ताजं तेल न मिळता. वेग कमी होता, टेम्पो तिशीच्या वर गेला नाही. पण हळू गेल्याने फेरे कमी होत नाहीत, फक्त उष्णता थोडी कमी होते.

गॅरेजवर होज बदलला, कूलंट भरलं, इंजिन मस्त सुरू झालं. बिल दोन हजारांच्या आत. मामा खूश. मग डीमध्ये टाकली. इंजिनचा आवाज चढला, पण गाडी एक क्षण जागेवरच. मग धक्का मारून निघाली. दुसऱ्या दिवशी गिअरबॉक्सचा पिवळा दिवा लागला आणि गाडी चाळीसच्या वर जाईना. मेकॅनिकने तेल काढलं तर ते काळपट, जळका वास, आणि बोटावर चोळलं तर चांदीसारखी चमक. ती चमक म्हणजे पुली आणि पट्ट्याचं धातू. एस्टिमेट दीड लाखाच्या वर. विम्याकडे विचारलं, तर अपघात नाही, यांत्रिक बिघाड आहे, म्हणून नाही. टोचन केलेल्या ऑटोमॅटिकचं गिअरबॉक्स ऑईल आधी बघा, हे मी तेव्हा शिकलो. होजच्या दिवशीच ते काढून पाहिलं असतं, तर निदान चमक दिसल्यावर गाडी पुढे चालवली नसती.

गाडीच्या पुस्तकात हे सगळं लिहिलेलं असतं, 'टोइंग' नावाच्या पानावर. काही टॉर्क कन्व्हर्टर गाड्यांना ५० किलोमीटर अंतर आणि ताशी ५० वेग अशी मुभा देतात, काहींना त्याहून कमी. पुष्कळ सीव्हीटींना ओढणारी चाकं जमिनीवर ठेवून ओढूच नका असं स्पष्ट लिहिलेलं असतं. प्रत्येक मॉडेलचं वेगळं, त्यामुळे माझ्यावर विसंबू नका, आपलं पान उघडा.

आता आपल्याकडची एक गंमत. २०१४ मध्ये सेलेरिओबरोबर एएमटी आली आणि तिलाही आपण 'ऑटोमॅटिक'च म्हणतो. एएमटी म्हणजे आतून साधा मॅन्युअल गिअरबॉक्स, फक्त क्लच आणि गिअर मशीन टाकतं. त्यामुळे ती खरंच न्यूट्रलमध्ये असेल तर तेलाचा हा प्रश्न येत नाही. पण गिअरमध्येच बंद पडली आणि बॅटरी गेली, तर लिव्हर एनवर नेऊनही आत गिअर सुटत नाही, कारण तो सोडवणाऱ्या मशीनला वीजच नाही. मग ओढताना चाकं इंजिनलाच फिरवत राहतात. म्हणून पुस्तक उघडण्याआधी आपला गिअरबॉक्स कोणता ते माहीत हवं.

इलेक्ट्रिक गाडीत तेलापेक्षा वेगळं संकट आहे. मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे हा भाग मला आवडतो. तिथे क्लच नसतो. मोटर ठरावीक दात्यांमधून चाकांना कायमची जोडलेली असते. एन म्हणजे फक्त एक कमांड आहे: मोटरला वीज देऊ नकोस. आत काहीही सुटत नाही. आपल्याकडच्या बहुतेक इलेक्ट्रिक गाड्यांच्या मोटरमध्ये कायमचं चुंबक असतं. असं चुंबक फिरलं की भोवतीच्या तारांमध्ये वीज तयार होणारच, तुम्ही मागितली असो वा नसो. सायकलचा डायनॅमो आठवा.

ताशी ४० ने ओढली तर चाक मिनिटाला सव्वातीनशे फेरे घेतं आणि मोटर त्याच्या नऊ-दहा पट, म्हणजे तीन हजारांच्या घरात. रोज चाळीसने जाताना एवढेच फेरे होतात. फरक हा की रोज इन्व्हर्टर जागा असतो, थंड करणारा पंप चालू असतो, आणि तयार झालेली वीज घ्यायला बॅटरी जोडलेली असते. बिघाडाचा लाल दिवा लागून गाडी बंद पडते तेव्हा बॅटरीला जोडणारे मोठे रिले उघडतात. मग वीज जाणार कुठे? वेग जितका जास्त तितका व्होल्टेज जास्त, आणि ते इन्व्हर्टरच्या भागांवर बसतं. थंड करणारं कुणी नाही. म्हणून इलेक्ट्रिक गाडी फ्लॅटबेडवरच. विंचने माणसाच्या चालीने चार-पाच मीटर वर ओढणं वेगळं, हायवेवरून नेणं वेगळं.

ट्रॅफिकवाल्यांच्या टो व्हॅनसारखी पुढची चाकं उचलून नेली तर चालेल का? नेक्सॉन ईव्ही किंवा मामाची गाडी असेल तर चालतं, कारण ओढणारी चाकं पुढची आहेत आणि ती हवेत आहेत. हँडब्रेक मात्र सुटलेला हवा, नाहीतर मागचे टायर रस्त्यावर घासत जातात. पण कॉमेट किंवा महिंद्राची बीई ६ असेल तर मोटर मागे आहे. पुढचं उचललं तर जी चाकं फिरायला नकोत, नेमकी तीच जमिनीवर राहतात. मग मागच्या चाकांखाली छोट्या ट्रॉल्या लावायच्या, नाहीतर फ्लॅटबेड. फोनवर रोडसाइडवाला फक्त 'गाडी कोणती' विचारतो. आपण आपणहून सांगायचं: ऑटोमॅटिक आहे की इलेक्ट्रिक, ओढणारी चाकं पुढची की मागची, आणि पार्किंग ब्रेक बटणाचा आहे का. बटणाचा असेल तर इग्निशन बंद करताच काही गाड्यांत तो आपोआप लागतो.

आणि फ्लॅटबेड आला, पण बॅटरी मेलीय आणि लिव्हर पीमधून हलत नाही, तर? तशीच ओढू देऊ नका. पीमध्ये एक लोखंडी खुंटी दात्यात अडकलेली असते, जोरात ओढली तर तुटते. पुष्कळ ऑटोमॅटिक गाड्यांत लिव्हरजवळ एक छोटं झाकण असतं. ते काढून आत चावी किंवा स्क्रूड्रायव्हर दाबायचा, ब्रेकवर पाय ठेवायचा आणि लिव्हर एनवर घ्यायचा. इलेक्ट्रिकमध्ये असं झाकण बहुधा नसतं. तिथे आधी १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीला जंप द्यावा लागतो, मग एन मिळतो. ही छोटी बॅटरी एवढ्या मोठ्या गाडीला कशी काय आडवी करते, ते पुढच्या भागात.