रविवार पाण्याचा नव्हे, तपासणीचा

नोकरदार माणसाच्या घरातल्या कुंड्या बहुतेक वेळा पाण्याअभावी नव्हे, तर पाण्याच्या चुकीच्या नियमामुळे मरतात. हा नियम दोन रूपांत ऐकू येतो. एक, रोज प्रत्येक कुंडीत पेलाभर पाणी घालावे. दुसरे, रोज वेळ नसेल तर रविवारी सगळ्यांना एकदम भरपूर पाणी द्यावे, आठवडा निघतो. रोपवाटिकेत रोप विकताना हे सांगितले जाते, शेजारी सांगतात, रोपाबरोबर आलेल्या चिठ्ठीवरही हेच छापलेले असते. सगळ्या झाडांची तहान सारखी असते आणि ती वारानुसार लागते, असे दोन्हींत गृहीत धरलेले असते. दोन्ही गोष्टी खोट्या आहेत, आणि बुऱ्हाणपूरसारख्या गावात तर उघड खोट्या आहेत.

तापीकाठच्या या शहरात मे महिन्यात पारा 42 अंशांच्या वर जातो, हवा कोरडी ठक्क असते आणि वारा भाजून काढतो. जुलै-ऑगस्टमध्ये त्याच गच्चीवर आठवडाभर झड लागते, ऊन दिसत नाही, माती ओलीच राहते. जानेवारीत रात्री थंड असतात आणि बहुतेक झाडांची वाढ मंदावते. पानांतून वाफ होऊन किती पाणी जाणार, हे ऊन, हवेचा कोरडेपणा, वारा, पानांचा एकूण पसारा आणि कुंडीचा आकार ठरवतात. यांतली एकही गोष्ट वार पाहून चालत नाही. एकच जास्वंद मेमध्ये दररोज पाणी मागते आणि ऑगस्टमध्ये आठ दिवस मागत नाही.

उदाहरण म्हणून पहिल्या मजल्यावरचे एक घर घ्यावे. माणूस सकाळी साडेनऊला बाहेर पडतो, संध्याकाळी सातला परततो. पश्चिमेच्या बाल्कनीत मातीच्या कुंड्यांत तुळस, मोगरा, जास्वंद, गुलाब आणि कढीपत्ता. आत खिडकीजवळ प्लास्टिकच्या कुंड्यांत मनी प्लांट, सिंगोनियम, ॲग्लोनिमा, अरेका पाम. फळीवर स्नेक प्लांट, झीझी, जेड आणि खिडकीच्या कोपऱ्यात कोरफड. रविवारचा नियम या घरात मे महिन्यात लावला, तर छोट्या कुंडीतली तुळस मंगळवारपर्यंत सुकते. मातीची कुंडी तोंडातून आणि अंगातूनही पाणी सोडते, त्यात पश्चिमेचे ऊन. त्याच रविवारी त्याच तांब्याने झीझीला पाणी मिळते. तिच्या जमिनीखालच्या गाठींमध्ये आधीच महिनाभराचा साठा असतो. असे चार-सहा रविवार गेले, की गाठी मऊ पडून सडू लागतात. एक झाड तहानेने गेले, दुसरे बुडून गेले, आणि नियम मात्र काटेकोर पाळला गेला.

बुडून मरणे हे तहानेने मरण्यासारखेच दिसते, आणि हाच या गैरसमजाचा सगळ्यात घातक भाग. मुळांना प्राणवायू लागतो. मातीतल्या कणांमधली पोकळी पाण्याने भरली, की प्राणवायू मुळांपर्यंत पोचत नाही, कारण तो पाण्यातून हवेपेक्षा सुमारे दहा हजार पटीने सावकाश पसरतो. गुदमरलेली मुळे सडतात, सडलेली मुळे पाणी शोषत नाहीत, आणि पाने मान टाकतात. मालकाला वाटते, झाड तहानले आहे. तो आणखी पाणी घालतो. पान लोंबले म्हणजे पाणी द्यावे, हा समज म्हणूनच सोडून द्यावा लागतो. लोंबलेल्या झाडाची माती आधी हाताने पाहावी. माती कोरडी आणि कुंडी हलकी असेल तर तहान. माती ओली, कुंडी जड, खालची पाने पिवळी आणि मातीला आंबूस वास असेल तर मुळे सडत आहेत. दुसऱ्या बाबतीत पाणी पूर्ण थांबवावे, झाड काढून काळी, पिचपिचीत मुळे कापावीत आणि कोरड्या, मोकळ्या मातीत पुन्हा लावावे. मेच्या दुपारी दोन वाजता मात्र ओल्या मातीतली जास्वंदही मान टाकते आणि संध्याकाळी सावरते. तिला तेव्हा काहीच लागत नाही.

रोजच्या पेलाभर पाण्याचे नुकसान सावकाश होते, म्हणून ते कोणाच्या लक्षात येत नाही. तेवढे पाणी वरच्या दोन बोटे मातीतच अडते. खालची मुळे कोरडी राहतात आणि नवी मुळे वरच्या थरात, जिथे ऊन सर्वांत जास्त लागते, तिथे गोळा होतात. शिवाय पाणी उडून जाते, पण त्यातले क्षार उडत नाहीत. बुऱ्हाणपूरकराला हे वेगळे सांगायला नको. अब्दुल रहीम खानखानाच्या काळात, 1615च्या सुमारास, सातपुड्याच्या उतारावरचे भूजल शहरात आणणारी जी भूमिगत व्यवस्था बांधली गेली, त्या कुंडी भंडाऱ्यात उतरले की भिंतींवर चुन्याचे पांढरे थर चढलेले दिसतात. बोअरच्या कठीण पाण्यातही तोच चुना असतो. कुंडीच्या काठावर आणि मातीवर जी पांढरी साय धरते, ती हीच. क्षार वाढले, की पानांची टोके तपकिरी होऊन वाळतात. पुढे गुलाब आणि मोगऱ्याची कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, कारण चुनखडीयुक्त मातीत लोह असूनही झाडाला ते घेता येत नाही.

यावर उपाय म्हणजे पाणी कमी वेळा, पण पुरते देणे. कुंडीच्या तळाच्या भोकातून चांगले वाहेपर्यंत पाणी घालावे, दहा मिनिटे थांबावे आणि पुन्हा एकदा घालावे. या दुसऱ्या पाण्याबरोबर साठलेले क्षार बाहेर जातात. अर्ध्या तासाने खालच्या ताटलीत जमलेले पाणी ओतून टाकावे, नाहीतर माती तेच क्षार परत वर ओढते. पावसाळ्यात बादल्यांत धरलेले पाणी खिडकीतल्या झाडांसाठी ठेवावे. आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणी झाडांना चालते, हा समज कुंड्यांच्या बाबतीत चूक आहे, कारण यंत्राने काढलेले सगळे क्षार त्याच पाण्यात एकवटलेले असतात.

भोकातून पाणी वाहिले म्हणजे माती भिजली, असेही समजू नये. या भागातली काळी माती भिजली की फुगते आणि वाळली की आकसते. कुंडीत ती वाळून काठापासून सुटते आणि मधे भेगा पडतात. वरून ओतलेले पाणी त्या फटीतून थेट खाली जाते, ताटली भरते, आणि मुळांचा गोळा आत कोरडा ठाक राहतो. कुंडी उचलून पाहिली की लबाडी कळते, ती पाण्यानंतरही हलकीच लागते. अशी कुंडी पाण्याच्या टबात काठापर्यंत बुडवून ठेवावी आणि बुडबुडे थांबले की काढावी. नुसती काळी माती कुंडीत वापरूच नये. काळी माती, नदीची रेती आणि कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत सारख्या भागांत मिसळले, की ती फाटत नाही.

आता आठवड्याचा क्रम. ठरलेला वार हवाच, पण तो तपासणीसाठी. रविवारी सकाळी ऊन चढण्याआधी पाण्याची झारी हातात न घेता सगळ्या कुंड्यांवरून एक फेरी मारावी. लहान कुंडी उचलून वजन पाहावे. मोठ्या कुंडीत जळून गेलेल्या अगरबत्तीची काडी बोटभर खोल खुपसून दोन मिनिटांनी काढावी. तिला ओली माती चिकटली, तर मनी प्लांट, सिंगोनियम, ॲग्लोनिमा यांना आज पाणी नाही. कोरडी निघाली, तर द्यावे. स्नेक प्लांट, झीझी, जेड आणि कोरफडीसाठी काडी तळापर्यंत कोरडी निघायला हवी, आणि तशी निघाल्यावरही आणखी काही दिवस थांबले तर बिघडत नाही. पावसाळ्यात यांची पाळी महिन्यातून एकदा येते, कधी तीही येत नाही.

याच फेरीत पाने उलटून पाहावीत. मेमधल्या कोरड्या हवेत पानाखाली बारीक जाळी आणि वर फिकट ठिपके दिसले, तर तो लाल कोळी; पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पाने खालून धुतली की तो बराच कमी होतो. जास्वंदीच्या शेंड्यावर कापसासारखे पुंजके दिसले तर पिठ्या ढेकूण. एका लिटर कोमट पाण्यात पाच मिली कडुनिंबाचे तेल आणि थोडा पातळ साबण घोटून संध्याकाळी फवारावे आणि पुढच्या रविवारी पुन्हा. फवाऱ्यापेक्षा ढेकूण वेळीच लक्षात येणे महत्त्वाचे. पिठ्या ढेकूण पहिल्या आठवड्यात दिसला तर एक शेंडा खुडून भागते, महिन्याने दिसला तर पाच झाडांवर असतो. तुळशीच्या मंजिऱ्या खुडाव्यात, आतल्या झाडांची पाने ओल्या फडक्याने पुसावीत आणि कुंड्या पाव वळण फिरवाव्यात. खत मात्र दर रविवारी नको. महिन्यातून एकदा पुरते, जानेवारीत तेही नको.

बुधवारी संध्याकाळी दहा मिनिटांची दुसरी फेरी फक्त बाल्कनीसाठी. एप्रिल ते मध्य जून हा क्रमही पुरत नाही, आणि हे मान्य करायला हवे: पश्चिमेच्या बाल्कनीतल्या मातीच्या कुंड्यांना त्या काळात रोज सकाळी पाणी लागते. वेळ वाचवायचा तर पाणी नव्हे, उष्णता कमी करावी. निम्मे ऊन अडवणारी हिरवी जाळी बांधावी, कुंड्या भिंतीच्या सावलीत एकमेकींना चिकटून ठेवाव्यात, मातीवर वाळक्या पानांचा दोन बोटे थर द्यावा. मोठ्या कुंडीत तोंड झाकलेले छोटे मडके गळ्यापर्यंत पुरून पाण्याने भरले, तर ते दोन-तीन दिवस झिरपत राहते. कूलरच्या थेट झोतात मात्र कोणतेही झाड ठेवू नये.

उरलेले समज थोडक्यात. कुंडीच्या तळाशी खडे घातल्याने निचरा वाढत नाही. बारीक मातीतले पाणी खड्यांच्या थरावर अडून राहते, म्हणजे ओला पट्टा उलट वर सरकतो. दुपारी पानांवर पडलेले थेंब भिंगासारखे पाने जाळतात, हे हंगेरीतल्या संशोधकांनी 2010 साली तपासले. गुळगुळीत पानांवर तसे होत नाही, केसाळ पानांवर होऊ शकते. पानांवर पाणी शिंपडल्याने खोलीतला ओलावा काही मिनिटेच वाढतो. दूध-साखरेच्या चहाचा चोथा तसाच टाकला तर बुरशी आणि मुंग्या येतात. तो धुऊन, कुजवूनच द्यावा. आणि घरातली झाडे हवा शुद्ध करतात, हा दावा 1989च्या नासाच्या बंदिस्त पेटीतल्या प्रयोगावर उभा आहे. अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संशोधकांनी 2019 साली अशा प्रयोगांचे आकडे पुन्हा तपासले. साध्या उघड्या खिडकीइतका परिणाम साधायला दर चौरस मीटरला किमान दहा झाडे लागतील, असे त्यांना आढळले.