चूक किती, हे आधीच सांगणारी बेरीज

sin(x²) हे फलन दिसायला साधे आहे. x चा वर्ग करायचा आणि त्याची साइन घ्यायची. पण शून्यापासून एकपर्यंत त्याच्या आलेखाखालचे क्षेत्रफळ, म्हणजे त्याचे संकलन, काढायला बसले की महाविद्यालयात शिकलेल्या सगळ्या युक्त्या थिट्या पडतात. ज्याचे विकलन केले असता sin(x²) मिळेल असे सूत्र बहुपदी, साइन, लॉगरिदम, घातांकी फलन अशा ओळखीच्या फलनांतून बनवताच येत नाही, हे सिद्ध झालेले आहे. तरीही ही संख्या लागते. फ्रेंच अभियंता ऑगस्टिन फ्रेनेल याने १८१८ साली प्रकाशाच्या विवर्तनावर जो निबंध लिहिला, त्यात याच जातीच्या संकलनांची गरज पडली. सावलीच्या कडेला दिसणाऱ्या उजळ-काळ्या पट्ट्यांचे गणित त्यांच्यावर उभे आहे. ही संकलने आजही फ्रेनेलच्या नावाने ओळखली जातात.

वाट सापडते ती साइनच्या अनंत श्रेणीतून. केरळात माधवाच्या गणितपरंपरेला ही श्रेणी युरोपच्या आधीपासून ठाऊक होती:

sin t = t − t³/3! + t⁵/5! − t⁷/7! + …

इथे 3! म्हणजे १ × २ × ३ = ६, 5! म्हणजे १२०. कोन मात्र रेडियनमध्ये मोजायचा. कॅल्क्युलेटर अंशांवर ठेवून ताळा पाहायला गेलात तर काहीच जुळणार नाही. आता t च्या जागी x² घाला:

sin(x²) = x² − x⁶/3! + x¹⁰/5! − x¹⁴/7! + …

जे फलन हाताला लागत नव्हते ते आता x च्या घातांची बेरीज झाले, आणि घाताचे संकलन करणे सोपे असते. x² चे शून्य ते एक संकलन १/३, x⁶ चे १/७, x¹⁰ चे १/११. त्यांना त्या त्या छेदाने भागले की उरते ते असे:

1/3 − 1/42 + 1/1320 − 1/75600 + …

ही बेरीज कधीच संपत नाही. मग थांबायचे कुठे, आणि थांबल्यावर आपण खऱ्या उत्तरापासून किती दूर आहोत हे कसे कळणार? खरे उत्तर तर माहीतच नाही!

श्रेणीच्या पदांची चिन्हे आलटून-पालटून येतात आणि प्रत्येक पद आधीच्यापेक्षा लहान आहे, यातच उत्तर दडलेले आहे. पहिले पद ०.३३३३३. sin(x²) हे x² पेक्षा इथे नेहमी लहान असल्याने हे उत्तरापेक्षा जास्त आहे. १/४२ वजा केल्यावर ०.३०९५२ येते, ते कमी पडते. १/१३२० मिळवले की ०.३१०२८१, पुन्हा जास्त. प्रत्येक पाऊल उत्तर ओलांडून पलीकडे जाते, पण आधीच्या पावलाहून आखूड असते, त्यामुळे उत्तर नेहमी लागोपाठच्या दोन बेरजांच्या मध्येच सापडते. म्हणून थांबल्यावरची चूक सोडून दिलेल्या पहिल्या पदापेक्षा कधीच मोठी नसते. हा नियम लाइबनिट्झच्या नावाने ओळखला जातो.

तीन पदांवर थांबलो तर सोडलेले पहिले पद १/७५६००, म्हणजे सुमारे ०.०००००१३२ नव्हे, ०.००००१३२. दशांशातली शून्ये इथे जपून मोजावीत. चौथे पद वजा केल्यावर ०.३१०२६८ येते. म्हणजे खरे उत्तर ०.३१०२६८ आणि ०.३१०२८१ यांच्या मध्ये आहे. चार दशांश स्थळांपर्यंत दोन्ही टोके ०.३१०३ अशीच वाचली जातात, म्हणून तेवढे अंक पक्के. चूक लहान आहे एवढ्यावर विसंबू नये, दोन्ही टोके एकाच अंकांवर येतात का ते पाहावे. आणखी पदे घेतली तर उत्तर ०.३१०२६८३०… असे येते. तीन पदांनंतरची प्रत्यक्ष चूक ०.००००१३१ निघते, म्हणजे नियमाने घातलेली मर्यादा जवळजवळ तंतोतंत होती.

हे सगळे इतके सुरळीत झाले ते वरची सीमा १ असल्यामुळे. तीच ३ केली की पदांचे आकार ९, ५२, १३४, १९०, १६९, १०३ असे होतात. पहिली चार पदे वाढतच जातात, त्यामुळे आपला युक्तिवाद तिथे चालत नाही. तीन पदांची बेरीज ९१ च्या आसपास येते, आणि खरे उत्तर आहे सुमारे ०.७७. चौथ्या पदानंतर उतार लागतो आणि तिथून पुढे नियम वापरता येतो, पण मघाच्याच चार दशांशांसाठी आता तीनऐवजी पंधरा पदे लागतात. शिवाय १९० सारख्या संख्या एकमेकींतून वजा होऊन एकापेक्षाही लहान उत्तर उरत असल्याने, प्रत्येक पद चारहून अधिक दशांशांपर्यंत काढावे लागते. नाहीतर पदे पूर्ण अंकात घेण्याने आलेली चूकच सोडलेल्या पदापेक्षा मोठी होऊन बसते, आणि तिच्याबद्दल लाइबनिट्झचा नियम काहीच सांगत नाही.