उत्तर मिळालं, तरी काळजी जात नाही

सातव्या महिन्यात पुण्याहून साताऱ्याला माहेरी आलेली एक मुलगी डोळ्यांपुढे आणू. वय सत्तावीस, पहिलंच बाळंतपण. ही कुणी एकटी बाई नव्हे. अनेक जणींकडून ऐकलेलं मी तिच्या एकटीच्या पदरात घातलं आहे. दुपारी जेवून ती आडवी झाली की पोटातलं बाळ हटकून लाथा मारतं. एके दिवशी तसं झालं नाही. तिनं आईला हाक मारली. आई म्हणाली, “झोपलं असेल गं, तू उगाच विचार करतेस.”

पण हा विचार उगाच नव्हता. साधारण अठ्ठावीस आठवड्यांनंतर पोटातल्या बाळाच्या हालचालींना एक लय येते आणि ती लय आईइतकी कुणालाच ठाऊक नसते. बाळ पोटातही झोपतं, बहुधा वीस ते चाळीस मिनिटं, दीड तासापेक्षा जास्त क्वचितच. म्हणून शंका आली तर डाव्या कुशीवर पडून, पोटावर हात ठेवून मोजायचं. दोन तासांत दहा हालचाली भरल्या नाहीत, किंवा रोजच्यापेक्षा हालचाल स्पष्टपणे मंदावली असं वाटलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. रात्र असली तरी सकाळची वाट बघायची नाही. आमच्या नायिकेचे पाऊण तासात दहा भरले. तिनं सुस्कारा सोडला आणि चहा घेतला.

काळजीचं काम एवढंच असतं. ती प्रश्न विचारते, उत्तर मिळालं की बाजूला होते. बाळंतपणाच्या आगेमागे अशा काळज्या ढिगानं येतात आणि बहुतेकींचा निकाल असाच लागतो. दूध पुरतंय का? बाळाला पाच-सहा दिवस झाल्यावर दिवसाला सहाएक वेळा भरपूर शू होत असेल आणि दोन आठवड्यांत ते जन्माच्या वजनावर परत आलं असेल, तर पुरतंय. पहिल्या काही दिवसांत वजन थोडं घटतं, ते सगळ्याच बाळांचं घटतं. शेजारच्या काकू काहीही म्हणोत.

आता हीच मुलगी दोन आठवड्यांनी बघा. हालचाल मोजणं दिवसातून एकदाचं बारा वेळांवर गेलं आहे. दहा भरले तरी मन म्हणतं, पुन्हा मोज, कदाचित चुकलं असेल. तिनं हट्ट धरून जादा सोनोग्राफी करवून घेतली. रिपोर्ट नॉर्मल आला, ती रडली, घरी येताना हसली. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा छातीत धडधड. रिपोर्टनं दिलेला दिलासा एक रात्रही टिकला नाही. काळजी आणि चिंतेचा आजार यांच्यातली रेघ इथे असते. ती काळजीच्या विषयावरून काढायची नसते, कारण विषय दोन्हींकडे एकच असतो. उत्तर मिळाल्यावर काय होतं, ते बघायचं.

या टप्प्यावर तिनं डॉक्टरांना सांगितलं असतं तर पुढचं बरंच टळलं असतं. तिनं सांगितलं नाही. तपासणीत वजन, रक्तदाब, पोटाचा घेर, सगळं झालं. “बाकी ठीक ना?” या प्रश्नाला तिनं “हो” म्हटलं. बाहेर पंचवीस जणी नंबर लावून बसलेल्या असताना कोण काय सांगणार?

बाळ झालं. मुलगी, पावणेतीन किलो. तिसऱ्या दिवशी बाईला कारण नसताना रडू फुटलं. यात काही विशेष नाही. पहिल्या आठवड्यात निम्म्याहून जास्त बाळंतिणींना असं होतं आणि दोन आठवड्यांच्या आत ते आपोआप ओसरतं. तिचं रडू ओसरलंही, मात्र मोजणं परत आलं. आता ती बाळाचा श्वास मोजू लागली.

नवजात बाळाचा श्वास आपल्यासारखा एका ठेक्यात चालत नाही. भराभर घेतं, मग पाच-दहा सेकंद थांबतं, मग पुन्हा भराभर. हे नैसर्गिक आहे. बाळ शांत असताना मिनिटाला साठांहून जास्त श्वास, श्वासागणिक छाती आत ओढली जाणं, ओठ निळे पडणं, वीस सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ श्वास न येणं, अंगावर पिणं सोडणं, ही धोक्याची चिन्हं. यांपैकी एकही चिन्ह नव्हतं. तरी ती रात्री दर दहा मिनिटांनी उठून बाळाच्या नाकाखाली बोट धरायची. आजी म्हणाल्या, “मी बसते जागी, तू पड.” ती पडली आणि छताकडे बघत राहिली. बाळ झोपलेलं आहे, सांभाळायला माणूस आहे, अंग मोडून आलं आहे आणि तरीही डोळा लागत नाही, ही खूण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. बाळामुळे झोप न मिळणं प्रत्येकीच्या नशिबी आहे. मिळालेली झोप न येणं ही निराळी गोष्ट.

पाचव्या आठवड्यात ती विळीवर मेथी निवडून चिरत बसली होती. बाळ शेजारी दुपट्यावर. आणि डोक्यात लख्खकन एक चित्र आलं: आपल्याच हातून बाळाला ही विळी लागते आहे. तिला घाम फुटला. तिनं विळी ढकलून दिली आणि उठून गेली. त्या दिवसापासून ती स्वयंपाकघरात बाळाला नेईना. मग आंघोळ घालायची सोडली, कारण पाण्याबद्दलही तसंच चित्र आलं. मग गच्चीवर जाणं सोडलं. घरच्यांना वाटलं, आळस आला. एका मावशीला वाटलं, बाहेरचं काही असेल, दृष्ट काढा. तिला स्वतःला वाटलं, मी राक्षसीण आहे.

तिला हे कुणीतरी सांगायला हवं होतं की असे नको असलेले विचार कमालीचे सार्वत्रिक आहेत. कॅनडातल्या नव्या मातांचा एक अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. बाळाला अपघातानं काही होईल, हा विचार जवळपास सगळ्यांच्या मनात येऊन गेलेला आढळला आणि आपण मुद्दाम इजा करू, असा विचार सुमारे निम्म्या जणींच्या. म्हणजे बारशाला जमलेल्या आयांपैकी कितीतरी जणींनी हे अनुभवून गिळलेलं असतं. बहुतेकींच्या मनातून ते चित्र आलं तसं जातं. काहींच्या मनात मात्र ते अडकतं, आणि अडकतं ते त्याच्यापासून पळाल्यामुळे. विळी ढकलली की क्षणभर बरं वाटतं. त्या बरं वाटण्यातून मेंदू शिकतो की संकट खरंच होतं, पळालो म्हणून वाचलो. पुढच्या वेळी तो आणखी मोठ्यानं ओरडतो. वारंवार तपासणं आणि टाळणं या दोन्ही सवयी आजाराला खाऊ घालतात. याला मंत्रचळाचा आजार म्हणतात, डॉक्टर ओसीडी म्हणतील.

या विचारांनी घाबरणारी, ते नकोत म्हणून धडपडणारी आई त्या विचारांप्रमाणे वागण्याची शक्यता अगदी कमी असते. पण दिसायला जवळचा वाटणारा एक दुसरा आजार आहे, तो ओळखलाच पाहिजे. हजारात एक-दोन बाळंतिणींना, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत, मोठा मानसिक आजार अचानक उफाळतो. ती दोन-दोन रात्री झोपत नाही आणि दमल्यासारखीही वाटत नाही. बोलणं तुटक होतं, माणसांवर संशय येतो, आवाज ऐकू येतात, बाळ देवाचा अवतार आहे किंवा बदललेलं आहे, अशी तिची खात्री पटते. इथे भीती नसते, खात्री असते. अशा वेळी बाळाला तिच्याजवळ एकटं ठेवायचं नाही, तिलाही एकटं सोडायचं नाही आणि त्याच दिवशी रुग्णालयात न्यायचं. ‘मी नसलेली बरी’ असं एखादी म्हणू लागली, तरीही तोच दिवस, तीच घाई.

आमची नायिका अखेर बेचाळिसाव्या दिवशी बोलली. आशाताई नवजात बाळाला बघायला तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. सहाही वेळा बाळाचं वजन झालं होतं. शेवटच्या खेपेला आशाताईंनी विचारलं, “आणि ताई, तुम्ही झोपता का?” ती रडायला लागली.

बाळंतपण केलेल्या डॉक्टरीणबाईंनी आधी रक्त तपासायला सांगितलं, आणि ते योग्यच. बाळंतपणात रक्त गेलं की हिमोग्लोबिन उतरतं आणि धडधड, दम, थकवा हे सगळं चिंतेसारखं दिसतं. बाळंतपणानंतरच्या महिन्यांत काहींच्या थायरॉइडला सूज येते, ग्रंथी काही काळ जास्त स्राव सोडते, तेव्हाही हात थरथरतात, छाती धडधडते. म्हणून टीएसएचची तपासणी. उलटही लक्षात ठेवायला हवं: अचानक दम लागणं, छातीत दुखणं, एका पायाला सूज, डोळ्यांपुढे अंधारी येऊन डोकं ठणकणं, ही लक्षणं ‘टेन्शन’ म्हणून सोडायची नाहीत. ती लगेच दाखवायची.

मग एक दहा प्रश्नांचा कागद आला. स्कॉटलंडमध्ये तयार झालेली ही एडिंबरा प्रश्नावली १९८७ सालची. गेल्या सात दिवसांत कसं वाटलं, एवढंच ती विचारते. एकूण गुण तीस. तेरा किंवा जास्त आले तर पुढची तपासणी करतात. तिसरा, चौथा आणि पाचवा प्रश्न चिंतेबद्दलचे, दहावा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दलचा, आणि त्याचं उत्तर एकूण गुणांपासून वेगळं पाहतात. हिला पंधरा गुण मिळाले. कागद निदान करत नाही, दार उघडतो. निदान मानसोपचारतज्ज्ञांनी केलं.

गोळी सुरू करायची म्हटल्यावर सासूबाई दचकल्या, “अंगावर पिणारं बाळ आहे.” सर्ट्रालीन हे औषध दुधात फार कमी उतरतं, म्हणून बाळंतिणीला बहुधा तेच निवडतात. गुण यायला काही आठवडे लागतात. आधीपासून गोळ्या चालू असलेल्या काही जणी दिवस राहिल्याचं कळताच त्या स्वतःच बंद करतात, ते धोक्याचं आहे. एखादी गोळी खरोखर बदलावी लागते, जसं सोडियम व्हॅल्प्रोएट, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं. औषधाच्या दुकानातून आणलेली झोपेची गोळी तर नकोच. तिची गुंगी बाळापर्यंत पोचू शकते. जवळ मानसोपचारतज्ज्ञ नसेल तर १४४१६ या सरकारी टेलिमानस क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येतं.

गोळीबरोबर समुपदेशन सुरू झालं. ते “विचार करू नकोस” असं सांगणारं नव्हतं. पहिल्या आठवड्यात आजी भाजी चिरत असताना तिनं बाळाला घेऊन त्याच खोलीत बसायचं, चित्र आलं तर येऊ द्यायचं, उठायचं नाही. भीती चढते, टिकते, आणि काही केलं नाही तरी हळूहळू उतरते, हे तिला अनुभवायला लावलं. मग बाळ पाळण्यात, चिरणार ती. रात्रीच्या तपासण्या दहा मिनिटांवरून अर्ध्या तासावर, तिथून दूध पाजायच्या वेळेपुरत्या. आंघोळ आधी आजीच्या सोबतीनं, पुढे एकटीनं.

बाळाला चौथा महिना लागला तेव्हा ती पुन्हा मेथी घेऊन बसली. चित्र आलंच. तिनं पाळण्याकडे एकदा पाहिलं आणि जुडी संपेपर्यंत जागची हलली नाही.