बाग, विहीर आणि पाच एकर धान

मागच्या भागात सातबाऱ्यावरच्या ‘इतर हक्क’ या रकान्यापर्यंत आलो होतो. या वेळी तो रकाना मृत्युपत्र लिहिणाऱ्या शेतकऱ्याच्या कामी कसा येतो ते पाहू. समजण्यासाठी एक काल्पनिक कुटुंब घेतो. सिंदेवाही-नागभीडच्या धानपट्ट्यातला, आदिवासी नसलेला एक हिंदू शेतकरी. घरात बायको, दोन मुलं आणि जवळच्याच गावात दिलेली एक मुलगी. वडिलोपार्जित, अजून वाटणी न झालेली पाच एकर धानाची जमीन आहे. शिवाय त्याने स्वतःच्या पैशाने घेतलेली दोन एकर आंब्याची बाग आहे आणि त्या बागेतच विहीर आहे.

बाबांच्या मनात हिशेब साधा आहे. धान मुलांना अडीच-अडीच एकर, बाग मुलीला, आणि विहीर ‘सगळ्यांची’. एका कागदावर हे चार ओळींत मावतं. पण त्यातली पहिली ओळ अर्धवट चालते आणि शेवटची जवळजवळ चालतच नाही.

बागेपासून सुरू करू, कारण ती सोपी आहे. ती त्याची स्वकष्टार्जित आहे, म्हणजे ती कुणालाही देण्याचा अधिकार त्याचा एकट्याचा. मुलांची संमती लागत नाही.

धानाचं तसं नाही. ९ सप्टेंबर २००५ पासून मुलगीही वडिलोपार्जित जमिनीत जन्माने सहहिस्सेदार आहे, लग्न झालेलं असो वा नसो. त्या दिवशी वडील हयात असण्याचीही गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. आपल्याकडच्या रिवाजी कायद्यात बाप-मुलांची वाटणी होताना आईलाही मुलाएवढा हिस्सा निघतो. म्हणजे पाच एकरांचे वाटेकरी पाच : बाप, आई, दोन मुलं, मुलगी. प्रत्येकाला एक एकर. बापाच्या हाती मृत्युपत्राने द्यायला आहे तो फक्त त्याचा स्वतःचा एक एकर. उरलेले चार त्याचे नाहीतच, मग सातबाऱ्यावर नाव त्याच्या एकट्याचं का असेना.

आता ‘पाचही एकर मुलांना’ असं लिहून तो गेला तर काय होईल? मुलगी बाग घेईल आणि आपला एक एकरही मागेल. भाऊ म्हणतील, मृत्युपत्राने दिलेलं घ्यायचं असेल तर त्यातलं सगळंच मान्य कर. बाग तरी घे, नाहीतर आपला एकर तरी राख. कायद्यात या युक्तिवादाला जागा आहे, पण तो चालवायला दिवाणी कोर्टाची पायरी चढावी लागते. आणि आईचा एक एकर कुणाच्या ध्यानातही आलेला नसतो.

माझं मत असं की, मनातली वाटणी खरोखर हीच असेल तर ती जिवंतपणीच करावी. जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली सर्व हिस्सेदारांच्या संमतीने तहसीलदारांकडून वाटप करून घेता येतं. भूमी अभिलेखाची मोजणी होऊन पोटहिस्से पडतात आणि बांध्या कुणाच्या, धुरा कुणाचा, हे नकाशावर येतं. मुलगी स्वखुशीने धानातला हिस्सा भावांना सोडत असेल तर तेही बापाच्या डोळ्यांसमोर होऊ दे. बाप गेल्यावर तेराव्याच्या सुमारास बहिणीसमोर हक्कसोडपत्र सरकवण्याची पद्धत मला फार कोती वाटते. वाटप झाल्यावर मृत्युपत्रात उरते बाग, बापाच्या वाट्याला आलेली जमीन आणि विहीर.

विहीर ही खरी अडचण. ‘विहीर सामाईक राहील’ एवढंच लिहिलं तर पहिल्याच ओढीच्या वर्षी भांडण होतं. धानाला विहिरीचं पाणी बारा महिने लागत नाही. जूनमध्ये पावसाने दडी मारली की पऱ्हे वाचवायला लागतं, आणि ऑक्टोबरमध्ये धान निसवताना शेवटचं पाणी लागतं. आंब्याच्या नव्या रोपांना मात्र उन्हाळ्यात पाणी हवं, तेव्हा विहिरीला पाणीही कमी असतं. म्हणून ‘तिघांना समान’ यापेक्षा हंगामाप्रमाणे पाळी लिहिणं शहाणपणाचं. मजकूर असा असू शकतो :

‘गट क्र. … मधील बाग मी माझ्या मुलीस देतो. त्या गटातील विहिरीच्या पाण्यात माझ्या तिन्ही अपत्यांचा प्रत्येकी एक तृतीयांश हक्क राहील. जून ते ऑक्टोबर आठवड्यातील चार दिवस मुलांनी, दोन-दोन दिवस, व तीन दिवस मुलीने पाणी घ्यावे. नोव्हेंबर ते मे पाणी प्रथम बागेस द्यावे, उरल्यास मुलांनी घ्यावे. विहिरीपर्यंत जाण्यास व पाइप नेण्यास बागेच्या उत्तर धुऱ्यालगत सहा फूट वाट राहील. गाळ काढणे, मोटारदुरुस्ती व वीजबिल तिघांनी समान भरावे.’

वाट आणि पाइप लिहायचे राहून जातात, आणि तिथेच पुढचा तंटा उभा राहतो. कृषिपंपाची जोडणी एकाच्या नावावर असते, म्हणून बिलाचाही उल्लेख हवा. पुढे कुणी वाट किंवा पाणी अडवलं तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते, पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत.

लिहिण्याला मुद्रांक लागत नाही. साधा कागद पुरतो. नोंदणीही सक्तीची नाही, तरी दुय्यम निबंधकाकडे केलेली बरी. सक्ती आहे ती दोन साक्षीदारांची. शेतकऱ्याने सही किंवा अंगठा त्यांच्यासमोर करावा आणि त्यांनीही त्याच्यासमोर सही करावी. पुढे वाद झालाच तर त्यांच्यातल्या एकाला तरी कोर्टात सांगायला यावं लागतं, म्हणून साक्षीदार आपल्यापेक्षा वयाने लहान, गावातला आणि ज्याला काही मिळणार नाही असा घ्यावा. ज्या मुलाला जास्त मिळतं त्यानेच कागद लिहवून घेतला, त्यानेच बापाला गाडीवर बसवून नेलं, असं दिसलं तर शंका दूर करण्याचं ओझं त्याच्यावर पडतं. सर्वोच्च न्यायालयाने हे १९५९ सालीच सांगून ठेवलं आहे.

मृत्यूनंतर मृत्युपत्र आणि मृत्यूचा दाखला घेऊन गावच्या तलाठ्याकडे तीन महिन्यांच्या आत वर्दी द्यायची. फेरफार नोंदला जातो, सर्व वारसांना नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस असतात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. विहिरीचा हिस्सा आणि वाट ‘इतर हक्क’ रकान्यात आली की नाही ते तेव्हाच डोळ्यांनी पाहून घ्यावं. चूक राहते ती बहुतेक इथे. फेरफार म्हणजे मालकी ठरली असं मात्र नाही; वाद असेल तर ती दिवाणी कोर्टातच ठरते.

वरचा सगळा हिशेब हिंदू उत्तराधिकार कायद्याचा. गडचिरोलीच्या गोंड-माडिया घरांना तो लागू नाही. तिथे रूढी चालते, आणि मुलीला रूढीनेच वाटा नाही असं सर्रास सांगितलं जातं. १७ जुलै २०२५ रोजी छत्तीसगडच्या एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात, रामचरण विरुद्ध सुखराम, सर्वोच्च न्यायालयाने हे उलटवलं : मुलीला वगळणारी रूढी सिद्ध झालेली नसेल तर तिला समान वाटा. खालच्या तिन्ही कोर्टांनी तो नाकारला होता.

आणि वनपट्टा असेल तर तो मृत्युपत्रात बागेसारखा वाटता येत नाही. २००६ च्या कायद्याने मिळालेला तो हक्क वारशाने जातो, पण विकता किंवा हस्तांतरित करता येत नाही, आणि लग्न झालेलं असेल तर तो नवरा-बायको दोघांच्या नावावर असतो. त्याचे वारस कसे लावायचे, आणि २०१३ साली ग्रामदानाचा निर्णय घेतलेल्या मेंढा (लेखा) गावात जमिनीचा हिशेब कसा बदलतो, हे पुढच्या भागात.